मागून बघा, मग सांगा : नऊवारी आणि सहावारी नेसणीतला दिसणारा फरक

(गोंदिया इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा सगळ्यांच्या घरातला आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी आजीला नाहीतर पणजीला लुगड्यात पाहिलेलं आहे, आणि आईला, बायकोला, मुलीला साडीत पाहतो. दोन्हींत फरक काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. एक नऊ वार, एक सहा वार. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. कारण वार मोजायला कापड हातात लागतं. समोर जुना फोटो आहे, भिंतीवरचं चित्र आहे, चौकातला पुतळा आहे, तिथे वार कसे मोजणार? तिथे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. आणि डोळ्यांनी ठरवताना आपण बऱ्याचदा चुकीच्या जागी बघतो. आपण पदर बघतो, काठ बघतो, नथ बघतो. नथ दिसली की नऊवारी असं ठरवून मोकळे होतो.

आधी थोडं मापाचं बोलू. वार म्हणजे छत्तीस इंच. हात म्हणजे अठरा इंच. म्हणून नऊवार लुगडं म्हणजे अठरा हात. मीटरमध्ये धरलं तर सव्वाआठ मीटरच्या आसपास. सहावारी साडेपाच मीटरला थोडी कमी. आपल्याकडे सहावारीला सुरुवातीला ‘पाचवारी’ असंही म्हणत, आजही काही घरांत म्हणतात. पण जुन्या बायकांचा खरा शब्द होता ‘गोल’. गोल पातळ, गोल नेसणं. या शब्दात मापाचा पत्ताच नाही बघा. त्यांनी फरक वारावरून केला नाही, आकारावरून केला. कापड कमरेभोवती गोल फिरलं आणि तसंच खाली सुटलं, ते गोल. कापड दोन पायांमधून मागे गेलं आणि कमरेला खोचलं, ते कासोट्याचं. संस्कृत वळणाचे आपले लेखक यालाच ‘सकच्छ’ नेसण म्हणतात, आणि गोल नेसणीला ‘विकच्छ’. शब्द जड आहेत, पण नेमके आहेत.

आता एक हिशोब करू. मध्यम बांध्याची बाई धरा. सहावारी नेसताना पहिला फेरा आणि खोचण्यात साधारण सव्वा वार कापड जातं. पाठीवरून वळसा घेऊन डाव्या खांद्यावर पदर टाकायला, तो मागे सोडायला, पावणेतीन वार. झाले चार. उरले दोन वार, म्हणजे बहात्तर इंच. त्याच्या निऱ्या. पाच इंचांची एक निरी धरली तर जाऊन-येऊन दहा इंच कापड खाते. म्हणजे सातेक निऱ्या होतात. घरी मोजून बघा, सहा ते आठच्या मध्येच आकडा येईल.

आता तीच बाई नऊवारी नेसते. कमरेचा घेर बदलला का? नाही. खांदा बदलला का? नाही. फेऱ्याला आणि गाठीला तेच सव्वा वार, पदराला तेच पावणेतीन. मग उरले किती? पाच वार. सहावारीत दोन उरले होते, इथे पाच. म्हणजे जे तीन वार जास्तीचे आहेत ते सगळे कमरेखाली आहेत. कमरेच्या वर दोन्ही साड्या जवळजवळ सारख्याच दिसतात. हा आकडा माणसागणिक थोडा मागेपुढे होईल, पदर लांब सोडला तर आणखी होईल, पण गोष्ट हीच राहील. म्हणून अर्धा फोटो, छातीपर्यंतचा फोटो, यावरून नऊवारी की सहावारी हे सांगता येत नाही. जो सांगतो तो अंदाज करतो.

ते पाच वार खाली काय करतात? नेसायच्या रीती गावोगाव, जातीजातीत वेगळ्या आहेत, मी त्यातली एक साधी रीत सांगतो. लुगडं पाठीमागून कमरेला घ्यायचं, वरच्या काठाची दोन टोकं पुढे आणून बेंबीखाली घट्ट गाठ मारायची. लक्षात घ्या, इथे परकर नाही, नाडी नाही. सगळं लुगडं या एका गाठीवर उभं आहे. मग पदराची बाजू अंगाभोवती घेऊन खांद्यावर. मधे जे कापड उरलं त्याच्या निऱ्या घालायच्या आणि पुढे कमरेत खोचायच्या. हा खोचलेला घोळ म्हणजे ओचा. आणि मग शेवटची पायरी. या निऱ्यांच्या खालच्या काठाचा मधला भाग उचलायचा, दोन पायांमधून मागे न्यायचा, नीट घड्या करून पाठीच्या मधोमध कमरेला खोचायचा. हा कासोटा. कोणी कासोटा म्हणतं, कोणी काष्टा म्हणतं.

या शेवटच्या एका पायरीनं सगळं चित्र बदलतं. आता मी चार जागा सांगतो, तिथे बघायचं.

पहिली जागा पाठ. सहावारी नेसलेली बाई मागून बघा. कमरेपासून टाचेपर्यंत एकच सपाट पडदा. काठ कुठे दिसतो? फक्त खाली, जमिनीला समांतर, टाचेभोवती गोल फिरलेला. आता नऊवारीची पाठ बघा. मधोमध एक उभी, फुगीर पट्टी कमरेपर्यंत चढलेली. म्हणजे जो काठ खाली असायला हवा तो पाठीवर उभा राहिलेला असतो. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खालची कड तिरपी वर चढते, घराच्या छपरासारखी. टाचेच्या वर, पोटरीजवळ, कापड उघडतं. कासोटा ओढला की मागची कड वर जाणारच. कापडाचा तो नियमच आहे, त्यात बाईची आवडनिवड नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्यात आंधळगाव, मोहाडीकडे कोष्टी विणकर टसरची करवतकाठी साडी विणतात. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. ती नक्षी काढायला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. आता हा काठ सहावारीत नेसला तर दात्यांची रांग पायाशी आडवी जाते आणि छातीवरून तिरपी चढते. नऊवारीत हीच रांग पाठीवरून उभी जाते. काम तेच, पण बघणाऱ्याला ते दिसतं दुसऱ्या जागी. विणकराला काठ दोन्हीकडे नेटका ठेवावा लागतो, कारण नेसल्यावर कोणता भाग कुठे वर येईल हे त्याच्या हातात नसतं.

दुसरी जागा पुढच्या निऱ्यांची टोकं. सहावारीत निऱ्या सरळ खाली येतात आणि जमिनीजवळ पंख्यासारख्या उघडतात. चालताना पाय त्या पंख्याला ढकलतो आणि तो पुन्हा मिटतो. नऊवारीत निऱ्या वर भरदार असतात, पण खाली येताना आत वळतात, दोन पायांच्या मधे नाहीशा होतात, कारण त्यांची टोकं मागे ओढलेली आहेत. चित्रकार अनेकदा इथेच फसतो. पुढे पंखा उघडलेला काढतो आणि मागे कासोटाही दाखवतो. दोन्ही एकत्र होऊ शकत नाही असं मी म्हणणार नाही, काही रीतींत पुढच्या काही निऱ्या सुट्या सोडतात. पण सगळा पंखा उघडा आणि कासोटाही ताठ, असं असेल तर पाच वारांच्या हिशोबात ते बसत नाही.

तिसरी जागा गुडघे. जुन्या फोटोंसाठी सगळ्यात कामाची हीच, कारण जुन्या फोटोत बाई बहुधा समोरून असते, आणि पुष्कळदा बसलेली असते. पाठ दिसतच नाही. मग काय करायचं? मांडी घातलेली किंवा खुर्चीवर बसलेली बाई असेल तर दोन गुडघ्यांच्या मधे बघा. सहावारी आणि आत परकर असेल तर एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापड तंबूसारखं ताणलेलं किंवा झोळीसारखं खाली गेलेलं दिसतं. एकच पृष्ठभाग. नऊवारीत दोन मांड्या वेगळ्या दिसतात. प्रत्येक मांडीवर कापड स्वतंत्र बसलेलं, मधे खोलगट सावली. उभी असेल तर दोन पावलांमधलं अंतर बघा, आणि त्या अंतरात कापड आहे की मोकळी जागा आहे ते बघा.

चौथी जागा कंबर. नऊवारीची गाठ, ओचा आणि कासोट्याचं खोचलेलं टोक, सगळं कमरेलाच. त्यामुळे पोटाजवळ जाडी दिसते. ओच्याचा तो फुगवटा आमच्या आज्या खिशासारखा वापरायच्या. सुपारी, सुटे पैसे, किल्ली, सगळं तिथे. सहावारीत कंबर सपाट असते, कारण भार नाडीवर आहे आणि निऱ्या सातच आहेत.

एवढं झालं की मी आपल्या जिल्ह्याकडे वळतो. कारण गोंदियात हा फरक पुस्तकातल्यासारखा स्वच्छ कधीच नव्हता. आपला जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी आपण भंडाऱ्यात. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. इथे झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, हिंदी आहे. गोंदिया शहराच्या बाजारात एका सकाळी उभं राहिलं तर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर दिसतो, डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर दिसतो, आणि नशीब असेल तर एखादी म्हातारी कासोट्यातली दिसते. उजव्या खांद्याचा पदर बघून आपण ‘ही हिंदीभाषी’ म्हणतो. पण पदर आणि कासोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदर कोणत्याही खांद्यावर असो, खालचा प्रश्न वेगळाच राहतो.

आणि दुसरं म्हणजे धान. आषाढ-श्रावणात सालेकसा, आमगाव, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा, बांधीत बायका रोवणी करताना दिसतात. पाय चिखलात पोटरीपर्यंत. कमरेत वाकलेल्या, एका हातात पऱ्ह्यांची पेंडी, दुसऱ्या हातानं रोप चिखलात. दिवसभर मागे मागे सरकायचं. हे काम घोट्यापर्यंत आलेल्या गोल साडीत होत नाही. पहिल्याच ओळीत काठ चिखल पितो, जड होतो, पायात येतो. म्हणून इथलं कष्टकरी बाईचं लुगडं मुळातच आखूड नेसलेलं असायचं. गुडघ्याच्या जरा खाली, किंवा गुडघ्यावर. कासोटा घट्ट.

आज त्या बांधीत काय दिसतं? सहावारी साडी. पण नेसण बघा. बाई घरून गोल साडीत येते. धुऱ्यावर उभी राहते, साडी गुडघ्यापर्यंत वर घेते, खालचं कापड गोळा करून दोन पायांमधून मागे नेते आणि खोचते. वरून बरेचदा नवऱ्याचा जुना शर्ट. लांबून कोणी म्हणेल, नऊवारी. पण तिला आत परकर आहे. परकर म्हणजे बंद नळी. ती नळी दोन पायांभोवती एकत्र असते, त्यामुळे कापड प्रत्येक पायाला वेगळं लपेटू शकत नाही. मांड्यांच्या बाजूला फुगा येतो, परकराची कड खालून डोकावते, आणि खोचलेलं टोक दर अर्ध्या तासानं सुटतं, पुन्हा खोचावं लागतं. तुम्ही बांधीजवळ उभं राहून बघा, बाईचा हात किती वेळा पाठीमागे जातो. म्हणजे कासोटा आला, पण नऊवारी आली नाही. गरज तीच राहिली, कापड तीन वारांनी कमी झालं आणि आत परकर आला.

इथे एका लाडक्या कथेबद्दल बोलतो. नऊवारी मराठी बायकांनी लढाईसाठी, घोड्यावर बसता यावं म्हणून काढली, असं सर्रास सांगतात. घोड्यावरच्या राणीचा पुतळा दाखवतात. ऐकायला बरं वाटतं. कासोट्यात घोड्यावर मांड टाकता येते हे खरंच आहे. पण ज्या बाया हजारोंनी कासोटा घालत होत्या त्यांच्यापैकी घोडा किती जणींकडे होता? त्यांच्याकडे बांधी होती, जातं होतं, विहीर होती. आणि कासोटा काही बायकांचा एकटीचा नाही. पुरुषाचं धोतर बघा, तीच गाठ, त्याच निऱ्या, तोच मागे खोचलेला सोगा. भारतभर फिरून साडी नेसण्याच्या रीती गोळा करणाऱ्या फ्रेंच अभ्यासक शांताल बूलांजे यांनी त्यांच्या १९९७ च्या पुस्तकात अशा नेसणींचं कुटुंबच धोतराच्या नावानं लावलं आहे. मला ते पटतं. नऊवारी ही साडीपेक्षा धोतराच्या जवळची आहे. दिसायला साडी, बांधायला धोतर.

मग गोल नेसण आली कुठून? ती आपल्याकडे नव्हतीच असं नाही, गुजरातेत, उत्तरेत, बंगालात होतीच. पण आज जिला आपण ‘साडी’ म्हणतो, म्हणजे आत परकर, वर पोलकं किंवा ब्लाउज, पुढे निऱ्या, डाव्या खांद्यावर पदर, ही जुळणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या शहरी घरांतून पसरली. ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर १८६० च्या दशकात नवऱ्याबरोबर मुंबईत आल्या, पारशी बायकांची नेसण पाहिली, आणि त्यात बदल करून कलकत्त्याला नेली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मराठी बाजूनं आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये त्या डॉक्टरी शिकायला अमेरिकेत गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात ही अडचण आली, आणि त्यांनी गुजराती पद्धतीनं गोल नेसायला सुरुवात केली. बघा, आपण मघाशी जी पाठीमागची तिरपी कड पाहिली, तीच इथे अडचणीची झाली. बांधीत जी सोय होती, ती बर्फात गैरसोय.

आता मला जे मुख्य सांगायचंय तिथे येतो. आपण नऊवारी आणि सहावारी असे दोन डबे करतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला नऊवारीच्या आतच मोठा फरक दिसत होता, आणि तो आपल्याला आज दिसेनासा झाला आहे. तो फरक म्हणजे उंची. कासोटा सगळ्यांचाच. पण काठ कुठपर्यंत येतो, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत की गुडघ्यापर्यंत, यावरून बाई कोणत्या घरातली हे रस्त्यावरून जाणारा ओळखायचा. घोट्यापर्यंतचं लुगडं म्हणजे जिला चिखलात उतरायचं नाही ती. गुडघ्यापर्यंतचं म्हणजे मजूर. आणि पुष्कळ ठिकाणी तर ती नुसती सोय नव्हती, मर्यादा होती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांनी लुगडं खाली सोडलं तर वरच्यांना ते सहन व्हायचं नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद झाली. मनुस्मृती जाळली ती हीच परिषद. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोलले. त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्यातली एक अगदी डोळ्यांना दिसणारी होती. ज्या खुणांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता त्या खुणा टाका. लुगडं नेसायची जुनी आखूड रीत सोडा, इतर बायका नेसतात तसं पूर्ण नेसा, अंगावरचे ओझ्यासारखे दागिने टाका. आणि बायकांनी ते लगेच केलं. चळवळीला साथ देणाऱ्या सवर्ण घरांतल्या काही स्त्रियांनी नेसण दाखवायला मदत केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहिला, ‘आम्हीही इतिहास घडवला’, तो जरूर वाचा.

यात काय बदललं ते बारकाईनं बघा. वार बदलले नाहीत. नऊवारीची सहावारी झाली नाही. कासोटा गेला नाही. फक्त काठ एक वीत खाली आला. पण बघणाऱ्याच्या डोळ्याला सगळं बदललं, कारण तो डोळा काठावरच होता. मागच्या काठाच्या त्या वितीसाठी त्या बायकांनी गावात परतल्यावर काय सोसलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढले, म्हणजे आपल्या गोंदियाच्या भागातून. निवडणूक हरले. पण त्या काळातले या भागातले सभांचे, मेळाव्यांचे फोटो तुमच्यापैकी कुणाच्या घरी असतील, तर बायकांच्या रांगेत पायांकडे बघा. चेहरे नंतर. कोणाचा काठ कुठे आहे ते बघा. त्या रांगेत घोट्यापर्यंतचं लुगडं असेल तर ते आपोआप आलेलं नाही, कोणीतरी ते ठरवून खाली आणलेलं आहे. नुसतं ‘नऊवारीतल्या महिला’ असं फोटोखाली लिहिलं तर हे सगळं पुसलं जातं.

म्हणून मी जुन्या फोटोखाली लिहिताना तीन शब्द तरी लिहा म्हणतो. कासोटा आहे की नाही. काठ कुठपर्यंत. पदर कोणत्या खांद्यावर. वार लिहू नका, ते फोटोत दिसत नाहीत. आणि जे दिसत नाही ते ‘दिसत नाही’ असं लिहा. बाई गुडघ्यापर्यंतच फोटोत आली असेल, पुढे मूल बसलेलं असेल, तर काठ दिसत नाही. चोळीवरूनही ठरवू नका. गाठीची चोळी सहसा नऊवारीबरोबर असायची, पण गोल पातळाबरोबरही ती घालणाऱ्या बायका होत्या.

आता प्रश्न आले आहेत, वेळ आहे तेवढे घेतो.

एका ताईंनी विचारलंय, हल्ली लग्नात, गणपतीत, लेझीम पथकात मुली नऊवारी घालतात, ती खरी का? ताई, ‘घालतात’ हा शब्द तुम्ही बरोबर वापरलात. नऊवारी नेसतात, ती मात्र घालतात. ती शिवलेली असते. ओळखायचं कसं? निऱ्या बघा. सगळ्या एका मापाच्या, इस्त्री केल्यासारख्या, चालताना एकमेकींपासून सुटत नाहीत, कारण वर शिवण आहे. कासोटा पाठीवर अगदी मधोमध, नाचून झालं तरी हलत नाही. कमरेला गाठीचा फुगवटा नाही, कारण आत नाडी नाहीतर इलॅस्टिक आहे. आणि मांड्यांवर कापड सलवारीसारखं सारखं बसलेलं. नेसलेल्या नऊवारीत दोन्ही पाय कधी सारखे दिसत नाहीत, एका बाजूला कापड जरा जास्त येतंच. ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटातलं पिंगा आल्यापासून दुकानांत हिची रेलचेल झाली. मला त्यात वाईट काही दिसत नाही. दहा मिनिटांत तयार व्हायचं आणि ढोल वाजवायचा तर तीच बरी. फक्त संग्रहालयात ठेवून तिला जुनी म्हणू नये.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून आलाय. घरी आजीची चार लुगडी आहेत, त्यातून सहावारी साड्या निघतील का, म्हणजे वापरात राहतील. निघते, एका लुगड्यातून एक सहावारी आणि वर तीन वार तुकडा. पण कापायच्या आधी लुगडं पूर्ण उलगडून उजेडात धरा. मधे कुठे आडवी शिवण आहे का बघा. लुगडं मधेच आधी विरतं, कारण बसण्याचा आणि कासोट्याचा सगळा ताण मधल्या कापडावर येतो. मग बायका विरलेला भाग काढून चांगले तुकडे जोडायच्या, त्याला दांड घालणं म्हणायचे. दांड असेल तर मोजून बघा, नऊ वार भरणारही नाहीत, कदाचित दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे निघतील. काठ जवळून बघितले की कळेल, जोडाच्या अलीकडे-पलीकडे रंग किंवा नक्षी किंचित वेगळी असते. तशी शिवण सापडली तर कात्री बाजूला ठेवा, आणि घरात अजून नेसता येणारं कोणी असेल तर त्यांच्याकडून ते एकदा नेसवून घ्या. फोटो काढा. समोरून एक काढा, बसलेला एक काढा आणि पाठीमागून दोन काढा.